मावशींनी सांगितलंच नाही

आज नर्सिंगची पदवी घेतलेल्या मुलींनो आणि मुलांनो,

तुमचं अभिनंदन. चार वर्षांचा अभ्यास, पाळ्या, केस-स्टडी, सगळं पार पडलं, छान झालं. कौतुक करायला तुमचे आईवडील मागे बसले आहेत, ते माझ्यापेक्षा नीट करतील. मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. उद्या कामावर रुजू झालात की महिन्याभरात ते तुमच्या कानावर येईल आणि वर्षभरात तोंडात बसेल: "मावशींनी सांगितलंच नाही."

मी परिसेविका होते तेव्हाची गोष्ट. पोटाच्या ऑपरेशनचा एक पेशंट, लघवीला कॅथेटर. रात्री मावशींना सांगितलं गेलं, "लघवी मोजा." त्यांनी मोजली. दर वेळी आकडा कागदावर लिहिला, कागद पलंगाच्या पायथ्याशी अडकवला. आकडे उतरत गेले, कागद कुणी पाहिला नाही. सकाळच्या राउंडला आरडाओरडा झाला, पेशंटला पुढे डायलिसिस लागलं. चौकशी बसली आणि मेमो कुणाला? मावशींना. त्या म्हणत राहिल्या, "मी लिवलं होतं की." लिहिलेलं होतंच, कागद समितीपुढे टेबलावर होता. तो वाचायचा कुणी, हा प्रश्न मात्र कुणालाही पडला नाही. माझा तो राग अजून गेलेला नाही.

निवृत्तीनंतर काही काळ मी व्यवस्थापनाचा विषय शिकवत होते. धडा संपला की छोटी चाचणी घ्यायची. एकदा तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पेपर घेऊन भांडायलाच आली. प्रश्न असा होता: खालीलपैकी कोणतं काम नर्सनं मावशींकडे सोपवावं? पहिला पर्याय, खुब्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा उभं करणं. दुसरा, काल रात्री पक्षाघातानं दाखल झालेल्या आजोबांना भरवणं. तिसरा, प्रकृती स्थिर असलेल्या पेशंटच्या कॅथेटरची लघवी मोजणं. चौथा, नव्यानं मधुमेह निघालेल्या बाईंना इन्सुलिन घ्यायला शिकवणं. तिनं दुसरा पर्याय निवडला होता.

"मॅडम, भरवणं हे मावशींचंच काम ना? लघवीच्या मोजमापात तर चूक होऊ शकते."

मी म्हटलं, "प्रश्न मोठ्यानं वाच." तिनं वाचला आणि 'काल रात्री' या शब्दांशी अडखळली. म्हणाली, "म्हणजे यांना गिळता येतं की नाही, हे अजून कुणी तपासलंच नसेल."

मग तिचं तीच बोलत गेली. अशा पेशंटला ताठ बसवून आधी चमचाभर पाणी द्यायचं. ठसका लागतो का, आवाज ओलसर, घोगरा होतो का, हे बघायचं. त्यावर ठरेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही. काहींना तर ठसकाही लागत नाही, अन्न गपचूप श्वासनलिकेत उतरतं आणि दोन दिवसांनी न्यूमोनियाचा ताप येतो. "मावशींना भरवता उत्तम येतं. पण भरवावं की नाही, हे त्यांनी ठरवायचं नाही. तेच आजोबा आठवड्यानं नीट गिळायला लागले, की हेच काम मावशींना देता येईल." काम तेच, पेशंटची अवस्था बदलली. एवढं कळलं तरी अर्धा धडा झाला.

तिनं तिसऱ्या पर्यायावर बरोबरची खूण केली आणि निघाली. मी थांबवलं. म्हटलं, "समज, मावशींनी मोजली. साठ किलोचा पेशंट, चार तासांत 70 मिली. त्यांनी लिहिलं, कुणाला सांगितलं नाही. जबाबदार कोण?"

"मावशी," ती पटकन म्हणाली. मग हिशोब केला. किलोमागे तासाला निदान अर्धा मिली, म्हणजे तासाला 30, चार तासांत 120. सत्तर कमी आहेत. "पण मॅडम, 120 हा आकडा मावशींना कुठून माहीत असणार?"

मी गप्प बसले. तिनं पेपरच्या मागे, मावशींना काय सांगायला हवं होतं ते लिहून काढलं: 'मावशी, चार नंबरच्या काकांची लघवी दर दोन तासांनी मोजा. पिशवीवरच्या रेघा बघू नका, मापाच्या भांड्यात ओतून मोजा. नळी कुठे दुमडली नाही ना, बघा. साठच्या खाली आली तर लिहून थांबू नका, मला लगेच हाक मारा. आता मला सांगा, किती झाली तर हाक मारायची?' शेवटचं वाक्य तिनं स्वतःहून घातलं. खाली आणखी एक ओळ होती: 'दोन तासांनी मी स्वतः चार्ट बघायचा.' आणि म्हणाली, "माप चुकलं तर मावशी उत्तर देतील. आकड्याचा अर्थ लावायचा राहिला, तर उत्तर मी द्यायचं."

गुण मी वाढवले नाहीत. चुकलेलं ते चुकलेलंच.

अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनं हेच पाच मुद्द्यांत बांधलंय: योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना, योग्य देखरेख. परीक्षेसाठी तुम्ही ते पाठ केले असतील. त्याच्याही कितीतरी आधी, 1859 साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये याच गोष्टीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. आपण समोर असताना जे होतं, ते आपण नसतानाही कसं होईल, हा त्यांचा प्रश्न. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आपण अजून मेमो मावशींनाच देतो.

तुम्ही म्हणाल, मॅडम, रात्री एक नर्स आणि चाळीस पेशंट, देखरेख कुठून करायची? तक्रार खरी आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकाऊ रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे. तो कागदावरून वॉर्डात उतरलेला मी फारसा पाहिला नाही. जागा रिकाम्या, भरती लांबलेली, आणि मावशीसुद्धा कंत्राटावरच्या, दर काही महिन्यांनी नव्या. मग नातेवाईक भरवतात, नातेवाईकच कूस बदलतात, आणि कुणी कुणाला काय सांगितलं याचा पत्ता नसतो. हे वर लेखी कळवायला घाबरू नका. मी कळवत असे आणि त्यापायी बोलणीही खात असे.

पण माणसं कमी असली की सोपवणं वाढतं, म्हणून तर सूचना जास्त नेमकी लागते. चाळीस जणांजवळ उभं राहता येत नाही. कुठल्या चौघांकडे परत जायचं, हे मात्र ठरवता येतं. नव्या मावशींना पहिल्या दिवशी विचारा, त्यांनी हे काम आधी केलंय का. नसेल तर एकदा करून दाखवा, एकदा त्यांच्याकडून करून घ्या. आणि एखादी मावशी "सिस्टर, मला हे जमणार नाही" म्हणाली, तर तिच्यावर चिडू नका. तिनं तुमचा पेशंट वाचवला असेल.

उद्या चूक होईल, चौकशी बसेल आणि ते वाक्य तुमच्या जिभेवर येईल. तेव्हा समितीला एवढंच सांगा: मी काय सोपवलं, कोणत्या शब्दांत सोपवलं आणि किती वाजता जाऊन पाहिलं. या तिन्हींची उत्तरं तुमच्याकडे असली, तर मावशींवर काही ढकलायची तुम्हाला गरजच पडणार नाही. आणि नसली, तर मेमो कुणाच्या नावानं निघायला हवा, हे तुम्हाला समितीच्या आधी कळलेलं असेल.