पडलेल्या पोत्याची साक्ष

तंजावूरच्या राजवाड्याजवळील एखाद्या रस्त्याने कोणी पादचारी चालला आहे, अशी कल्पना करावी. धान्याच्या व्यापाऱ्याच्या माडीवरून तांदळाचे पोते कोसळते आणि त्याचा खांदा मोडतो. वर काय घडले हे त्याने पाहिलेले नाही; कोणी पाहिले असलेच तर ते व्यापाऱ्याच्या नोकरांनी. हयगय झाली असे जो म्हणतो त्यानेच ती सिद्ध करावी, हा दिवाणी न्यायाचा नियम. मग या जखमी माणसाने न्यायालयापुढे ठेवावे तरी काय?

हाच प्रश्न १८६३ साली इंग्लंडात बर्न विरुद्ध बोडल या दाव्यात उपस्थित झाला. लिव्हरपूलच्या रस्त्यावर बर्नच्या अंगावर बोडलच्या दुकानाच्या वरच्या खिडकीतून पिठाचे पिंप पडले. ते कसे पडले हे एकाही साक्षीदाराला सांगता येईना, म्हणून प्रथम दावा फेटाळला गेला. वरच्या न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती पोलॉक यांनी एक लॅटिन वचन उच्चारले : रेस इप्सा लोक्विटर, म्हणजे घटना स्वतःच बोलते. पिंप काही आपल्या पायांनी खिडकीपर्यंत येत नाही. इमारत बोडलच्या ताब्यात, तेव्हा आतील मालही त्याच्याच ताब्यात असे मानावयाचे. आणि आतल्या माणसांना साक्षीला आणण्याची सक्ती जखमी माणसावर करणे गैर. नुकसानभरपाई म्हणून ठरलेले पन्नास पौंड बर्नला मिळाले.

भारतात हे तत्त्व गाजले ते दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाच्या मनोऱ्यामुळे. १९५१ साली तो कोसळून माणसे दगावली. मनोरा सुमारे ऐंशी वर्षांचा होता, आणि त्याच्या चुन्याच्या मानाने वरच्या मजल्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे होते. चुन्याची तर भुकटी झालेली. तडे दिसले नव्हते, एवढ्यावर महापालिकेची सुटका होईना. वर्दळीच्या रस्त्यालगत इमारत ठेवणाऱ्याने तिची वेळोवेळी तज्ज्ञांकडून तपासणी करविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ठरविले.

परंतु पडलेली प्रत्येक वस्तू अशी साक्ष देत नाही. १९४५ साली युद्धसमाप्तीच्या जल्लोषात सॅन फ्रान्सिस्को येथील एका हॉटेलातून खुर्ची पडून एक स्त्री जखमी झाली. तिचा दावा फेटाळला गेला, कारण खोल्यांतील खुर्च्या पाहुण्यांच्याही हाती होत्या, आणि व्यवस्थापकांनी काळजी घेतली तरी एखादा पाहुणा खुर्ची भिरकावू शकतोच.

तेव्हा तंजावूरच्या जखमी माणसाने पोते कोणत्या खिडकीतून आले आणि ती माडी कोणाच्या ताब्यात होती, हे आधी दाखवावे. तेवढ्याने हयगयीचे अनुमान उभे राहते. निकाल मात्र अजून लागत नाही. भूकंप झाला, कोणा परक्याने पोते ढकलले, असे काही व्यापाऱ्याने पुराव्यानिशी दाखविले तर अनुमान ढासळते. ‘कसे पडले कोण जाणे’ एवढेच त्याचे उत्तर असेल, तर ते पुरणार नाही. मात्र माडीवर तीन भाडेकरूंचा माल एकत्र असेल आणि पोते कोणाचे हेच कळत नसेल, तर वादीच्या वकिलाला नुसत्या पोत्यावर विसंबून चालणार नाही.