पुण्यस्मरणाच्या छायाचित्राला उत्तर

मावळातील गावांत दशक्रियेची, म्हणजे दहाव्याची, वेळ आणि इंद्रायणीचा घाट कळवणारे हार घातलेले छायाचित्र आता मोबाइलवर येते, आणि त्याखाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागते.

ती चिन्हे चुकीची नसली, तरी कोरडीच.

उत्तरात नाते आणि एक खरी आठवण यावी, उदाहरणार्थ, "भातलावणीला नानांनी आमच्या खाचरात बैल पाठवले होते, ते घरात सगळ्यांच्या लक्षात आहे. दहाव्याला येतो."

मृत्यूचे कारण तेथे विचारू नये.

वर्षश्राद्धाच्या छायाचित्राखाली "ऐकून धक्का बसला" असे लिहिणाऱ्याने मजकूर वाचलेला नाही, हे घरच्यांना लगेच कळते. तेथे "विनम्र अभिवादन" शोभते.

खरी आठवण नसेल, तर नाते लिहून अभिवादन करावे. आठवण रचू नये.