जांगडचा माल कोणाचा?

आमच्या थोरल्या भावाचं, म्हणजे भाईजानांचं, तालुक्याच्या गावी तयार कपड्यांचं दुकान आहे. घरात मीच एकटा बी.ए., त्यामुळे कागद वाचायचं काम माझ्याकडे येतं. तेही बहुधा भांडण झाल्यावर!

२०१९ साली ईदच्या आधी त्यांनी एका घाऊक व्यापाऱ्याकडून मुलांचे १२० ड्रेस जांगडवर आणले. विकेल त्याचे पैसे द्यायचे, उरेल तो माल परत, असा हा व्यवहार. नगाला २५० रुपये. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘उरलेला माल ईदनंतर पंधरा दिवसांत परत.’ ईद ५ जूनला झाली. ८५ ड्रेस खपले. उरलेले ३५ दिवाळीत जातील म्हणून भाईजानांनी माळ्यावर टाकले, शेठना कळवलं नाही. नोव्हेंबरात गठ्ठा परत न्यायला गेले, तर शेठ म्हणाले, “भाई, हा माल आता तुमचा. ८,७५० रुपये द्या.”

भाईजान संतापले. मीही. पण १९३० च्या मालविक्री कायद्याचं २४ वं कलम वाचलं आणि गप्प बसलो. पसंतीवर दिलेला माल ठरलेल्या मुदतीत परत केला नाही, नकारही कळवला नाही, तर मालकी घेणाऱ्याकडे जाते. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ धरतात, आणि वाजवी म्हणजे किती यावर पुन्हा वाद. २० जूनपर्यंत ते ड्रेस शेठचे होते. दुसऱ्या दिवसापासून आमचे.

दुसरी कुरबुर उधारीची. ८५ पैकी दहा ड्रेस उधारीवर गेले होते. गिऱ्हाइकानं पैसे दिले नाहीत, मग मी शेठला का देऊ, हा भाईजानांचा सवाल. पण माल विकला त्याच क्षणी दुकानदारानं तो स्वीकारला, असं कायदा धरतो. ‘विक्रीनंतर पैसे’ याचा अर्थ ‘वसुलीनंतर’ होत नाही. कवितेत एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर दाद मिळते; चिठ्ठीत निघाले की वकील लागतो.

मुदत संपण्याआधी दुकानाला आग लागली असती, तर मात्र नुकसान शेठचं, कारण वेगळं ठरलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. दुकानदाराचा निष्काळजीपणा दिसला तर गोष्ट निराळी. सावकारानं दुकानातल्या मालावर जप्ती आणली असती, तरी ते ड्रेस वाचवता आले असते. पण ते ओळखायचे कसे? भाईजानांनी ते आपल्याच मालात मिसळले होते, खरेदीवहीतही चढवले होते.

पैसे दोन हप्त्यांत दिले. आता नव्या चिठ्ठीत मी लिहितो : परतीची तारीख अमुक, तोवर मालकी आणि आगीची जोखीम देणाऱ्याची, विकलेल्या मालाचे पैसे, रोख असो वा उधार, विक्रीपासून तीस दिवसांत. जांगडच्या मालाला वेगळी वही आणि प्रत्येक नगाला निळी चिठ्ठी. परतीच्या गठ्ठ्यावर शेठची पोचसही मिळाल्याशिवाय भाईजान तिथून हलत नाहीत.