दार कधी उघडायचं?

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट ऐकल्याशिवाय दिवस उजाडत नाही. या मागांचे सुटे भाग घडवणारी छोटी-मोठी वर्कशॉपही इथे गल्लोगल्ली आहेत. जुन्या मागाचं एखादं दातेरी चाक तुटलं आणि बाजारात मिळालं नाही, तर त्याचा नमुना बनवून ओतकाम करणाऱ्याकडे द्यावा लागतो. पूर्वी हा नमुना सुतार लाकडात कोरायचा. आता आम्ही तो थ्रीडी प्रिंटरवर काढतो. पीएलए नावाच्या प्लास्टिकची तार वितळवून, थरावर थर देऊन चाक उभं राहतं. आज मी बोलणार आहे ते या प्रिंटरच्या दाराविषयी. हे दार बंद ठेवायचं की उघडं, यावर पाच-सहा तासांचं काम तडीला जाणार की मध्येच बसणार, हे ठरतं.

आधी पेटीला दार का असतं ते पाहू. एबीएस नावाचं दुसरं एक प्लास्टिक असतं. ते साधारण १०५ अंशांपर्यंत कडक राहतं, पण थंड होताना बरंच आकसतं. त्याला गार वारा लागला की कोपरे उचलले जातात, थरांमध्ये भेगा पडतात. त्याच्यासाठी पेटी बंद आणि ऊबदार हवी. पीएलएचा स्वभाव याच्या उलट आहे. ते फारसं आकसत नाही, मात्र ५५ ते ६० अंशांनाच मऊ पडायला लागतं. वितळत नाही बरं का, नुसतं मऊ पडतं. सगळी गोम इथेच आहे.

तार वितळते ती अगदी खाली, नोझलमध्ये. तिथे २१० अंशांच्या आसपास तापमान असतं. तिच्या वर एक्स्ट्रूडर, म्हणजे तारेला दातेरी चाकांत धरून खाली ढकलणारी यंत्रणा. ढकलण्यासाठी तार कडकच हवी. शिजलेल्या शेवयेला ढकलून पाहा, ती पुढे जात नाही, दुमडते. म्हणून गरम भाग आणि वरचा भाग यांच्यामध्ये धातूची एक बारीक मान ठेवलेली असते. तिच्यातून उष्णता कमी चढते, आणि जी चढते ती ॲल्युमिनियमच्या पंखांवर फुंकणारा छोटा पंखा घालवतो. पण हा पंखा गारवा तयार करत नाही. तो पेटीतलीच हवा फिरवतो. पेटीतली हवा ५० अंशांची असेल, तर ते पंखे ५० च्या खाली कधीच जाणार नाहीत, थोडे वरच राहतील. शिवाय तार ढकलणारी मोटर स्वतः तापते आणि तिची ऊब दांड्यातून दातेरी चाकांत उतरते. म्हणजे तार वरूनही शेकली जाते, खालूनही.

मे महिन्यातली एक दुपार सांगतो. पत्र्याच्या छपराखाली खोलीत ३६ अंश होते. चाकाचा नमुना लावला. खालचा तवा ६० अंशांवर, दार बंद, झाकण बंद. एक्स्ट्रूडरच्या शेजारी मुद्दाम एक साधा तापमापक टांगला होता. वीस मिनिटांनी त्यावर ४३ दिसले, तासाभराने ५०. पहिला तास काम देखणं चाललं होतं. मग रेघा बारीक व्हायला लागल्या, भिंतीत फटी दिसू लागल्या आणि वरून टक-टक असा आवाज येऊ लागला. तापमापकावर ५२ होते. आणखी काही मिनिटांनी नोझल हवेतच फिरत राहिलं, प्लास्टिक येईना.

तार बाहेर ओढून पाहिली तर टोक फुगलेलं, आणि त्याच्या वर दातांनी कुरतडून केलेला खड्डा. ही खूण ओळखून ठेवावी. नोझलमध्ये कचरा अडकला तर काम सुरुवातीपासून किंवा कधीही बिघडतं, आणि यंत्र गार करून काही सुधारत नाही. उष्णता वर चढल्याचा दोष मात्र घड्याळ लावून येतो. तासाभराने बिघडतं, पेटी उघडून अर्धा तास थांबून अडकलेली तार काढली की पुन्हा तासभर झकास चालतं. असं दिसलं तर नोझल बदलत बसू नये, दाराकडे पाहावं.

त्याच दुपारी तोच नमुना पुन्हा लावला. या वेळी झाकण काढलं, दार उघडं ठेवलं आणि पहिला थर बसल्यावर तवा ६० वरून ५० वर आणला. पेटीला खरी ऊब देतो तो नोझल नव्हे, हा रुंद तवा. तापमापक ४१ पर्यंत चढून तिथेच थांबला आणि पाच तासांनी चाक पूर्ण झालं. यात झाकणाचा वाटा दारापेक्षा मोठा. गरम हवा वर चढते आणि एक्स्ट्रूडरही वरच असतो. नुसतं दार उघडलं तर वरची कोंडलेली हवा तशीच राहते.

मग नियम काय? महिना पाहून ठरवू नये, एक्स्ट्रूडरजवळची हवा पाहून ठरवावं. तिथे ४० च्या आसपास किंवा खाली असेल तर पीएलए निर्धास्त चालतं. ४५ च्या पुढे गेलं की आवाजाची वाट न पाहता उघडावं. जानेवारीतल्या पहाटे खोलीत २२ अंश असतील तर बंद पेटीतही धोका कमी. तेव्हा मोठा, सपाट नमुना असेल तर पहिले काही थर दार लोटून घ्यावेत, म्हणजे वाऱ्याने कोपरा उचलला जात नाही; नंतर उघडावं. आधी एबीएसचं काम झालं असेल तर पेटी पूर्ण निवल्याशिवाय पीएलए लावू नये. आणि एबीएस चालू असताना मात्र मध्येच डोकावायला दार उघडू नये.

भिवंडीत आणखी एक अडचण आहे. इथल्या हवेत सुताचा तूस असतो. दार उघडलं की तो आत येतो आणि त्या छोट्या पंख्याच्या मागे, ॲल्युमिनियमच्या फटींत जाऊन बसतो. मग दार उघडं असूनही वारा पोचत नाही आणि तेच दुखणं परत येतं. म्हणून काढलेल्या झाकणाच्या जागी मच्छरदाणीच्या जाळीची चौकट ठेवावी. बराचसा तूस अडतो, वारा अडत नाही. जाड कापड टाकू नये. ते झाकणाचंच काम करतं. यंत्र बंद करून, आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने त्या फटी झाडाव्यात.

शेवटी, नमुना हाती आल्यावरही पीएलए तेच पीएलए असतं. ओतकामवाल्याकडे नेताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो ठेवू नये. काचा लावलेली गाडी म्हणजे दार बंद केलेली पेटीच, आणि वाकलेल्या नमुन्यावरून ओतलेलं चाक मागाला बसत नाही.