ग्रहण आणि आमच्या घरातील पंधरा तास
(मंडळाच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



आम्ही बँकेत कारकून. शिक्षण कला शाखेचे. त्यामुळे विज्ञान सांगण्याचा अधिकार आमचा नाही. एका विज्ञान शिक्षकांकडून जे ऐकले तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

२५ डिसेंबर २०१९. मनुस्मृती दहन दिनानिमित्त कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या आमच्या गावी समाजमंदिरात लोक जमले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होते. आठच्या सुमारास लागणार आणि अकराच्या आत सुटणार. केरळ-तामिळनाडूच्या काही भागांत कंकण दिसणार होते, आपल्या सातारा-सांगलीकडे खंडग्रास. आमच्या भावजयीला सातवा महिना होता आणि आईने तिला वेध पाळायला बजावले होते. वेध आदल्या रात्री आठलाच लागतात. म्हणजे पंधरा तास पोटात अन्न नाही, पाणी नाही!

गुरुजींनी कोणाला अडाणी म्हटले नाही. खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि एका मुलाला म्हणाले, "एक डोळा मीट. नाणे दुसऱ्या डोळ्यापुढे धर. तो दिवा दिसतो का?" दिसेना. "नाणे दिव्याहून लहान, पण जवळ आहे म्हणून झाकते. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट रुंद आहे आणि सुमारे ४०० पट लांबही आहे. म्हणून दोघे सारखे दिसतात. उद्या चंद्र जरा दूर असल्याने तो सूर्य पुरता झाकणार नाही, कडेने बांगडी उरेल." मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी कललेली असते. बहुतेक वेळा त्याची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते.

इतक्यात आमची आई उठली. "गुरुजी, सुनेनं इळीला हात लावला आन् लेकराचा ओठ फाटका निघाला तर?"

गुरुजी म्हणाले, "मावशी, काळजी आहे म्हणून विचारताय. पण बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. पुष्कळदा तेव्हा बाईला दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. सातव्या महिन्यात जुळलेला ओठ विळीने उसवत नाही. हजार बाळांत एखादे तसे जन्मते, ग्रहण असो वा नसो. ग्रहणानंतरचे तेवढे आपण लक्षात ठेवतो. मात्र पंधरा तास पाणी न मिळाल्याने बाईला भोवळ येऊ शकते. ते खरे."

मग खऱ्या धोक्याकडे वळले. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर डोळ्याचा आतला पडदा भाजतो. त्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून पाहणाऱ्याला काहीच जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म किंवा परातीतले शेणपाणी यांपैकी काहीही सुरक्षित नाही. त्यांनी दुसरी युक्ती दिली. लहान आरशावर कागद चिकटवा आणि त्याला शर्टाच्या बटणाएवढे भोक ठेवा. मग सूर्याकडे पाठ करून कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडा. पन्नास फुटांवर साडेपाच इंचांचा सूर्य दिसेल. कवडसा कोणाच्या डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, एवढे पथ्य.

सभेतील एका वृद्ध गृहस्थांनी मग जुनी आठवण सांगितली. ग्रहण सुटले की आपल्या माणसांनी गावात फिरून दान मागायचे, कारण सूर्याला ग्रासणारे राहू-केतू म्हणे आपल्यापैकीच! आकाशातल्या सावलीचा दोषही आपल्याच माथी मारला होता. बाबासाहेबांच्या हाकेनंतर ते मागणे आपण सोडले. गुरुजी एवढेच म्हणाले, "मागणे सुटले, आता भीतीही सुटू द्या."

रात्री भावजय जेवली. सकाळी आईने तिला स्वतः चहा-भाकरी दिली. विळी मात्र उचलून माळ्यावर ठेवली! आम्ही वाद घातला नाही. शाळेच्या भिंतीवर सूर्याची कोर ढगांच्या फटीतून येत-जात होती. लिंबाखाली मुलांनी चाळण धरली, तर जमिनीवर कितीतरी कोरी उमटल्या. भावजय पाहत होती. थोड्या वेळाने आईही दारात आली.

मार्चमध्ये पुतणी झाली, सुखरूप. आम्ही हौसेने गुरुजींना म्हणालो, "बघा, सिद्ध झाले!" ते हसून म्हणाले, "एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, साहेब. ओठ केव्हा जुळतो, ते लक्षात ठेवा."

आम्ही ते लक्षात ठेवले आहे. पुढच्या ग्रहणाला आपल्या घरात कोणी गरोदर असेल, तर तिच्यापुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवा आणि मुलांच्या हाती आरसा द्या.

जय भीम!