मक्तेदारावर कर: नगामागे की टक्क्यांत?

(वसंत व्याख्यानमालेत अकोल्यात दिलेले व्याख्यान)



कूलरचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा आहे, तेव्हा मागच्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करा. कूलर मात्र बंद करू नका. अमरावतीचा माणूस मे महिन्यात अकोल्याला बोलायला येतो, हेच त्याच्या श्रद्धेचं प्रमाण समजावं.

माझी श्रद्धा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. विकणारा एकटाच असेल, तर त्याच्यावरचा कर टक्क्यांत लावावा. दर नगामागे ठरलेले रुपये असा लावू नये. तीस-बत्तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं आणि मुलं ते फळ्यावरून वहीत उतरवून घेत राहिली. आज पोरांऐवजी करदाते समोर बसले आहेत, म्हणून जरा जोर आहे.

मक्तेदार म्हणजे काय, मागणीची रेषा खाली का उतरते, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. स्पर्धेच्या बाजारात या दोन करांत फरक पडत नाही, हेही माहीत असेलच. वस्तू वीस रुपयांत पडते आणि स्पर्धेमुळे वीसलाच विकली जाते. तिच्यावर नगामागे वीस रुपये कर लावा किंवा विक्रीदराच्या पन्नास टक्के लावा, दोन्ही वेळा भाव चाळीसच होणार आणि सरकारला वीसच मिळणार. भानगड सुरू होते ती दुकान एकच असलं की.

आता उदाहरण म्हणून पेट्रोल घ्यावं असा मोह होतो, कारण आपल्या दोन गावांचं भांडण त्यातच होतं. एका लिटरमध्ये दोन्ही जातींचे कर असतात. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेलं. मे २०२२ मध्ये पेट्रोलवर ते १९ रुपये ९० पैशांवर आलं. राज्याचा मूल्यवर्धित कर टक्क्यांत, आणि त्याच्यावर पुन्हा लिटरमागे वेगळी रक्कम. ती १० रुपये १२ पैसे होती, जुलै २०२२ मध्ये ५ रुपये १२ पैसे झाली. टक्का मात्र तेव्हा गावागणिक निराळा होता! मुंबई, ठाणे, नवी मुंबई, औरंगाबाद आणि आमची अमरावती यांना २६ टक्के. अकोला धरून बाकीच्या महाराष्ट्राला २५. मुंबईच्या पंगतीला बसायचा मान अमरावतीला मिळाला तो नेमका या तक्त्यात! (हशा) नुसत्या त्या एका टक्क्याचे लिटरमागे पाऊण रुपयाच्या आसपास व्हायचे. बडनेऱ्याच्या पुढे गेलं की आमची माणसं पेट्रोलचा काटा बघत मूर्तिजापूर गाठायची, असं तुम्ही म्हणता. आम्ही म्हणतो, अकोल्याला यायला तेवढंच एक कारण होतं. (मोठा हशा) अहो, टाळ्या नकोत, माझी परतीची गाडी आहे.

शिवाय यात एक गंमत बघा. कच्चं तेल महागलं की केंद्राचे लिटरमागचे रुपये तेवढेच राहतात, पण राज्याचा टक्का आपोआप फुगतो. भाव वाढल्याबद्दल लोक केंद्राला बोल लावतात आणि राज्याची तिजोरी मुकाट्याने भरते. भाव उतरला की उलट. यावरून किती पत्रकबाजी झाली... असो. मी भलतीकडे चाललो. पेट्रोल आपल्या कामाचं नाही, कारण मोठ्या सरकारी कंपन्याच तीन आणि भावावर दिल्लीची नजर. वीजही कामाची नाही. महावितरण एकटं आहे खरं, पण त्याचा दर आयोग ठरवतो. मला असा मक्तेदार हवा आहे की जो स्वतः बसून भाव ठरवतो.

तो आपल्या वऱ्हाडात गावोगावी होता. तालुक्याच्या गावातलं एकुलतं एक थेटर! करमणुकीवरचा कर आपल्याकडे जुना आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा करमणूक शुल्क कायदा १९३६ चा. आणि अमरावती तर सीपी-बेरार सर्किटच्या फिल्म वितरणाचं ठाणं. मालक अमरावतीला वितरकाकडे जायचा आणि सौदा व्हायचा तो टक्केवारीवर, नाहीतर मिनिमम गॅरंटीवर, नाहीतर ठोक भाड्यावर. ‘दर तिकिटामागे इतके रुपये द्या’ असा सौदा माझ्या तरी ऐकिवात नाही. त्या मंडळींनी अर्थशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण धंदा कळत होता.

थेटराची खुबी ही की एक माणूस जास्त बसला तर खर्च काही वाढत नाही. पंखा तोच, रीळ तेच. कुर्नो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८३८ मध्ये मक्तेदारीचं गणित मांडलं, तेव्हा त्यानेही असाच बिनखर्चाचा मक्तेदार घेतला होता: औषधी पाण्याच्या झऱ्याचा मालक. आपण आपलं थेटर घेऊ. आकडे माझे आहेत, सोपे जावेत म्हणून बेतलेले.

तिकीट ३० रुपये ठेवलं तर ५०० माणसं येतात, ४० ठेवलं तर ४००, ५० ला ३००, ६० ला २००. गल्ला अनुक्रमे १५ हजार, १६ हजार, १५ हजार, १२ हजार. मालक अर्थातच ४० रुपये ठेवतो.

आता सरकार म्हणालं, दर तिकिटामागे वीस रुपये द्या. मालक गणित करतो. चाळीसलाच राहिलो तर हातात वीस उरतात, चारशे माणसांचे आठ हजार. पन्नास केलं तर तीस उरतात, तीनशे माणसांचे नऊ हजार. साठ केलं तर पुन्हा आठ हजार. म्हणून तो पन्नास करतो. शंभर माणसं घरी बसतात. सरकारला तीनशे गुणिले वीस, सहा हजार.

आता तेच सहा हजार टक्क्यांत घ्या. सरकार म्हणतं, गल्ल्यातले साडेसदतीस टक्के आमचे. मालकाला साडेबासष्ट टक्के उरतात. त्याने तिकीट कितीचं ठेवावं? ज्या दराला पूर्ण गल्ला सगळ्यांत मोठा, त्याच दराला गल्ल्याचा साडेबासष्ट टक्के भागही सगळ्यांत मोठा. म्हणजे चाळीसच! भाव हलला नाही, माणसं चारशेच राहिली, सरकारला सोळा हजारांतले सहा हजार मिळाले. आणि मालकाला?

(मागून एक आवाज: ‘सर, कायले मालकाचा एवढा पुळका?’)

पुळका नाही हो, ऐका तर! मालकाला दहा हजार उरले. नगामागच्या करात नऊ हजार उरत होते. म्हणजे प्रेक्षकाला तिकीट दहा रुपयांनी स्वस्त, मालकाला हजार रुपये जास्त, आणि सरकारचा एक पैसाही कमी नाही. ज्यांना मालकाचा राग येतो त्यांनी टक्का पावणेचव्वेचाळीस करावा: सरकारला सात हजार, मालकाला आधीइतकेच नऊ हजार, तिकीट तरीही चाळीस. नगामागच्या करात हे पैसे कुठे जात होते? कुठेच नाही. ते घरी बसलेल्या शंभर माणसांबरोबर बुडत होते.

हिशेबनीस मंडळींसाठी एक इशारा. माझे साडेसदतीस टक्के तिकिटाच्या एकूण दरातले आहेत. आपला जीएसटी करापूर्वीच्या किमतीवर लागतो. त्या पद्धतीने हाच कर साठ टक्के दिसेल: पंचवीस मालकाचे, त्यावर पंधरा कर. कोणत्या आकड्यावर टक्का आहे हे न बघता दर ताडून पाहू नका; पदवीच्या पेपरात निम्मी मुलं इथेच घसरतात.

तुम्ही म्हणाल, बिनखर्चाचं उदाहरण घेऊन सरांनी सोय करून घेतली. बरोबर आहे, थोडी घेतली. म्हणून थेटराच्या आतल्या कॅन्टीनकडे चला. तिथली थंड बाटली. मध्यंतरात दुसरं दुकान नाही. गिऱ्हाईक वर सांगितलं तसंच धरा, पण बाटली मालकाला वीस रुपयांत पडते. कर नसताना तो पन्नासला तीनशे विकतो. बाटलीमागे वीस रुपये कर लावला की भाव साठ, विक्री दोनशे, सरकारला चार हजार, मालकाला चार हजार. आता टक्क्यांत तेच चार हजार काढायचे, तर भावाच्या साधारण साडेअठ्ठावीस टक्के पुरतात. भाव चौपन्नच्या आसपास, विक्री दोनशे साठ, मालकाला चार हजार आठशेच्या वर. इथे टक्क्यानेही भाव वाढला, हे मी लपवत नाही. बाटलीच्या वीस रुपयांवर सरकार सूट देत नाही, म्हणून तो वाढतो. पण साठ कुठे आणि चौपन्न कुठे!

उलट बाजूने बघा. भाव साठ आणि विक्री दोनशेच ठेवायची, तर टक्का पन्नास लागतो. तेव्हा सरकारला चार हजारांऐवजी सहा हजार मिळतात आणि मालकाला चारऐवजी दोन. विक्री तेवढीच ठेवली तर टक्क्यात महसूल जास्त. महसूल तेवढाच ठेवला तर टक्क्यात भाव कमी आणि विक्री जास्त. विक्सेलने १८९६ मध्ये हे हेरलं, सूट्स आणि मसग्रेव्ह यांनी १९५३ मध्ये नीट मांडलं. कारण साधं आहे. मक्तेदार माल आखडतो तो भाव चढावा म्हणून. टक्क्याच्या करात चढलेल्या प्रत्येक रुपयात सरकारचा वाटा असतो, म्हणून आखडण्यात मजा उरत नाही. नगामागच्या करात चढलेला रुपया सगळा त्याचाच.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. पेट्रोलने खाल्ली!)

मग भराभर विरुद्ध पक्ष. टक्क्याला खरा धोका किमतीच्या लपवाछपवीचा. नग मोजता येतो, किंमत सांगेल ती. आपल्या देशात सिगारेटवरचं उत्पादन शुल्क किमतीशी बांधलेलं होतं, तेव्हा बाजारातली सगळ्यांत मोठी कंपनी आयटीसी आणि उत्पादन शुल्क खातं यांच्यात खरी किंमत कोणती, पाकिटावर छापलेली की दुकानात घेतलेली, यावरून मोठा वाद पेटला. १९८७ च्या अर्थसंकल्पात सरकारने टक्का सोडला आणि सिगारेटच्या लांबीनुसार हजारामागे ठरलेला कर आणला. लांबी फूटपट्टीने मोजता येते! त्या ठिकाणी मी सरकारला दोष देणार नाही. थेटरातही छापील तिकीट चाळीसचं आणि बाहेर ब्लॅकने सत्तरला, तर टक्का चाळीसवरच लागणार.

दुसरी गोष्ट दर्जाची. मालकाने गादीच्या खुर्च्या बसवून तिकीट वाढवलं तर टक्क्यात त्या गादीवरही कर बसतो. नगामागच्या करात बसत नाही. माझं सगळं गणित वस्तू तीच राहील असं धरून आहे. दर्जा पडू लागला तर माझा टक्का तेवढा लंगडा. आणि भाव जिथे आयोग ठरवतो तिथे तर हे गणित लावूच नका.

शेवटचं. टक्का चांगला म्हणून त्याला पायऱ्या करणं चांगलं असं होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. मूळ तिकीट शंभर असेल तर प्रेक्षक १०५ देतो. एकशे एक केलं की ११९ रुपये १८ पैसे. एका रुपयासाठी चौदा रुपयांची उडी. एकशे दहाला साजेसा हॉल असला तरी मालक शंभरलाच चिकटून राहील, आणि जो ओलांडेल तो लांब उडी मारून दीडशेवर जाईल. तेव्हा छोट्या गावातल्या एकट्या थेटरासाठी माझी मागणी एवढीच: नगामागे काही नको, पायरी नको, तिकिटावर एकच सरळ टक्का लावा आणि तिकीट यंत्रावर छापणं सक्तीचं करा. प्रश्न असतील तर दोनच घेतो, गाडी साडेनऊची आहे.