दळणात सोयाबीन घालण्याआधी



मागच्या हंगामात आमच्या बचत गटात नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन घालून दळण आणायचं ठरलं. मुलांना प्रथिनं मिळावीत, एवढाच हेतू. सोयाबीन निवडलं, उन्हात वाळवलं आणि तसंच गिरणीत दिलं. काहीजणींनी निव्वळ सोयाबीनचंही पीठ करून ठेवलं आणि ते कोमट दुधात कालवून लहानग्यांना दिलं. चार दिवसांत पोट फुगणं, पातळ शी होणं सुरू झालं. चूक आमचीच होती.

आपल्या पोटाजवळ स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्या रसातलं ट्रिप्सिन आतड्यात प्रथिनांचे तुकडे करतं. ते अडकित्त्यासारखं समजा. कच्च्या सोयाबीनमध्ये एक पदार्थ असतो, ट्रिप्सिन रोधक. तो नेमका या अडकित्त्याच्या पात्यांत जाऊन घट्ट बसतो. मग प्रथिनं नीट पचत नाहीत. कोंबड्यांच्या पिल्लांना कच्चं सोयाबीन दिलं तर स्वादुपिंड जास्त रस करायच्या नादात मोठं होतं आणि पिल्लांची वाढ खुंटते. म्हणजे खाऊनही अंगी लागत नाही.

हा रोधक स्वतःही प्रथिनच आहे, आणि ओल्या उष्णतेनं त्याची घडी मोडते. अमेरिकेत ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं, की उंदीर कच्च्या सोयाबीनवर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात.

"पण पोळी तव्यावर भाजतेच की," असं आम्हीही म्हणालो होतो. त्या दोन-तीन मिनिटांत काही रोधक मोडतो, पण सगळा मोडेल असा भरवसा नाही. दुधात कालवलेल्या पिठाला तर तेवढीही आच लागत नाही.

आता आम्ही असं करतो. सोयाबीन रात्रभर भिजवतो, सकाळी ते पाणी फेकतो. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळलं की दाणे त्यात टाकतो आणि पुन्हा उकळी आल्यापासून अर्धा तास शिजवतो. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे, आत कडक राहता कामा नये. मग निथळून, कडकडीत वाळवून दळतो. ओलसर राहिला तर पिठाला बुरशी येते. नुसतं कोरडं भाजायचं म्हटलं तर बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं आणि जास्त करपलं तर प्रथिनंही खराब होतात.

तयार पिठाला कच्च्या शेंगेसारखा उग्र वास आला तर ते लहान मुलांना देऊ नका. मात्र वास नाही म्हणून पीठ शिजवलेल्या दाण्याचंच आहे, असं समजू नका. दळणाआधी दाणा शिजवला होता का, हे विचारूनच घ्या. आणि नीट शिजवूनही थोडा गॅस झाला तर घाबरू नका. तो सोयाबीनमधल्या साखरेमुळे होतो, रोधकामुळे नाही.